बिल भरायच्या अ‍ॅपचं मोठं अपडेट आणि त्यातलं ‘नवीन काय’ : सात महिन्यांनंतर

हा अनुभव अ‍ॅपचा कमी आणि मोठ्या अपडेटबरोबर आलेल्या ‘नवीन काय’ या मराठी पानाचा जास्त आहे. आमच्याकडे या अ‍ॅपवरून बिलं भरणारे तिघं : मी, बाबा आणि मावशी. मला त्या पानाची फारशी गरज नव्हती. त्या दोघांना होती, म्हणून सात महिने मी त्यांच्यावरच लक्ष ठेवून होते.

आधी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. प्ले स्टोअरवर अपडेटच्या खाली जो मजकूर दिसतो, तो फोनच्या भाषेप्रमाणे दिसतो, अ‍ॅपच्या भाषेप्रमाणे नाही. दोघांचंही अ‍ॅप मराठीत आणि फोन इंग्रजीत. त्यामुळे स्टोअरवर त्यांना "Bug fixes and performance improvements" एवढंच दिसलं. स्टोअरला एका भाषेसाठी 500 अक्षरांचीच मर्यादा आहे, म्हणून तिथे फार काही लिहिताही येत नाही, हे मान्य. खरं पान अपडेटनंतर अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की समोर येतं. बाबांनी ते जाहिरात समजून बंद केलं! परत कुठे सापडेल हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. शोधल्यावर ‘मदत’मध्ये सगळ्यात खाली मिळालं.

आता कौतुकाचं. त्या पानावरची ही तीन वाक्यं मी तशीच उतरवून घेतली आहेत : "कधीकधी बँकेतून पैसे जातात, पण कंपनीकडे बिल भरल्याची नोंद व्हायला वेळ लागतो. अशा वेळी आता पिवळं घड्याळ दिसेल. घड्याळ दिसतंय तोवर तेच बिल पुन्हा भरू नका."

याआधी अशा वेळी नुसतं "Pending" दिसायचं. पैसे बँकेतून गेलेच नसले तरी तेच, आणि जाऊन मध्ये अडकले असले तरी तेच. आपण बटण दाबल्यावर पैसे आधी बँकेतून निघतात, मग भरल्याची खबर बिलांच्या यंत्रणेतून वीज कंपनीपर्यंत जाते आणि तिकडून पोच आली की पावती बनते. बँकेचा मेसेज पहिल्या पायरीचा असतो, पावती शेवटच्या. मधला वेळ काही सेकंदांचा असतो, पण कधी तासांचाही होतो. मावशीने गेल्या वर्षी "Pending" म्हणजे ‘भरायचं बाकी’ असा सरळ अर्थ लावून वीजबिल दोनदा भरलं होतं. तिचं काय चुकलं? ते जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले म्हणून बरं. मोबाइलचं रिचार्ज दोनदा झालं असतं तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ आले असते.

अपडेटनंतर दुसऱ्याच महिन्यात तीच वेळ आली. रात्री 1,340 रुपये खात्यातून गेल्याचा मेसेज आला, अ‍ॅपमध्ये पिवळं घड्याळ. मावशीने मला फोन केला, पण विचारायला नाही, सांगायला : "घड्याळ आहे, मी थांबलेय." सकाळी पावती आली होती.

चौथ्या महिन्यात मात्र घड्याळाचं लाल फुलीत रूपांतर झालं. पानावर याबद्दल "पैसे परत मिळतील" एवढंच होतं. कधी? ते नाही. UPI वरून कंपनीला किंवा दुकानाला पैसे गेले आणि तिकडून पोच आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. हे एका ओळीत बसलं असतं. मावशीचे पैसे तिसऱ्या दिवशी आले, पण ते तीन दिवस मी तिची समजूत काढत होते. शिवाय तक्रार करायची झाली तर व्यवहाराचा 12 अंकी UPI क्रमांक लागतो. तो नव्या अ‍ॅपमध्ये ‘तपशील’ दाबल्याशिवाय दिसत नाही, हेही पानावर नव्हतं.

आणि आता ज्या वाक्याने आम्हाला दंड पडला ते वाक्य : "या अपडेटनंतर आपले ऑटोपे पुन्हा सुरू करण्यात येईल."

बाबांनी नोकरीत 35 वर्षं सरकारी पत्रं वाचली. ‘करण्यात येईल’ म्हणजे समोरचा करणार आणि आपण वाट बघायची, हा त्यांचा अनुभव. त्यांनी वाट बघितली. प्रत्यक्षात ऑटोपेला परवानगी त्यांनीच पुन्हा द्यायची होती, UPI पिन टाकून. पिनशिवाय अशी परवानगी कोणी परस्पर देऊ शकत नाही. बिलाची तारीख गेली, विलंब आकार लागला आणि बाबा म्हणाले, "मग ‘तुम्ही करा’ असं लिहायला काय झालं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीचं पान घरातल्या बोलीत आणि नेमकं कामाचं वाक्य कचेरीच्या भाषेत. बहुधा ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असावं.

परवानगी द्यायला बसलो तर पुढची अडचण. स्क्रीनवर ‘कमाल रक्कम 5,000’. बाबा हबकले, कारण त्यांचं बिल चौदाशेच्या आसपास येतं. ही कापली जाणारी रक्कम नाही, याच्या वर कापू नये अशी आपण घातलेली मर्यादा आहे, हे मला सांगावं लागलं. मर्यादा अगदी 1,500 वर ठेवली तर जास्त बिलाच्या महिन्यात ऑटोपे अडकतं आणि ते बिल हाताने भरावं लागतं, म्हणून आम्ही 3,000 ठेवली. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते आणि ती आता मराठीत येते, हे चांगलं झालं आहे. रक्कम चुकीची वाटली तर त्या मुदतीत थांबवता येतं.

बटणांच्या नावांचाही घोळ आहे. पानावर लिहिलंय ‘देयक भरा’ दाबा, बटणावर मात्र ‘बिल भरा’. मला तुम्हाला यात काही वाटणार नाही. मावशीने ‘देयक’ शोधत सगळी स्क्रीन खालीवर केली. स्क्रीनवर जे अक्षरशः दिसतं तेच लिहायला हवं, मग ते शुद्ध असो वा नसो.

आणखी एक. अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतात. बाबांच्या फोनवर आलं त्यानंतर आठवडाभराने मावशीच्या फोनवर आलं. तेवढे दिवस ती "माझ्याकडे घड्याळ का नाही?" विचारत होती.

गेल्या महिन्यात छोटं अपडेट आलं. ‘नवीन काय’ उघडून मी आधी ऑटोपेची ओळ शोधली. आता तिथे आहे : "बँक बदलली असेल तर ऑटोपेला तुम्हाला पुन्हा परवानगी द्यावी लागेल. ‘ऑटोपे’ उघडा, बिल निवडा, UPI पिन टाका. हे केलं नाही तर बिल आपोआप भरलं जाणार नाही." शेवटचं वाक्य बाबांनी दोनदा वाचलं. पैसे परत यायची मुदत अजून लिहिलेली नाही. पाचपैकी साडेतीन तारे द्यायचे होते, पण अर्धा तारा देता येत नाही, म्हणून तीन.