फोनमधलाच फाइल मॅनेजर, की प्ले स्टोअरवरचा?

आमच्या भजन मंडळात पखवाज वाजवणारे काका फोंड्याच्या बाजारातून १२८ जीबीचं मेमरी कार्ड घेऊन आले आणि एका दमात दोन प्रश्न विचारून मोकळे झाले. व्हॉट्सॲपवर आलेली गौळणीची पीडीएफ उतरली म्हणतो, मग ती Download मध्ये का नाही? आणि कार्डावर सगळं हलवायला फोनमध्ये आहे तोच फाइल मॅनेजर पुरे, की दुसरा घ्यायचा? मी दोन्ही वापरून झालोय, म्हणून लिहितो. फोन अँड्रॉइडचा आणि कार्ड बसणारा आहे असं धरून चालतो.

आधी हरवलेल्या फाइलीचं पाहू. बहुतेक वेळा ती हरवलेली नसते, आपण दुसऱ्याच दारात उभे असतो. Download ह्या फोल्डरात ब्राउझरनं उतरवलेलं येतं. व्हॉट्सॲपवरची कागदपत्रं नव्या फोनांत इथे असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents
```

काकांची गौळण तिथेच निघाली. एवढ्या खोल उतरायचा कंटाळा असेल तर फाइल मॅनेजरच्या पहिल्या पानावरच्या Documents वर बोट ठेवा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. कालची फाइल वर येते, मग ती कुठल्याही फोल्डरात असो.

शोधण्यात प्ले स्टोअरवरचे मॅनेजर थोडे सरस, हे मान्य करायला हवं. मी घेतलेल्यात नावाचा तुकडा टाकला तरी फाइल सापडायची, लपवलेले फोल्डर दिसायचे, आणि कुठल्या फोल्डरानं किती जागा खाल्ली तेही कळायचं. फोनसोबत आलेला ह्या बाबतीत जरा मठ्ठ वाटला. बाहेरच्याला मात्र एक परवानगी आठवणीनं द्यावी लागते. अँड्रॉइड ११ पासून All files access दिल्याशिवाय अशा ॲपला इतरांच्या पीडीएफ दिसतच नाहीत. फोटो आणि गाणी तेवढी दिसतात. फोल्डरात फोटो आहेत पण कागद एकही नाही असं दिसलं, तर फाइल गेली म्हणून हळहळू नका, ती परवानगी तपासा.

आणखी एक जागा दोघांनाही चकवते. कार्ड घातल्यावर काही जण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोड थेट कार्डावर वळवतात. तेव्हा फाइल कार्डावरच्या Download मध्ये न जाता Android/data खाली ब्राउझरच्या स्वतःच्या कप्प्यात जाऊ शकते. अँड्रॉइड ११ नंतर तो कप्पा बाहेरच्या ॲपना बंद आहे. ब्राउझरच्या यादीत फाइल उघडते, मॅनेजरमध्ये नाही, असं झालं तर हेच कारण समजा. त्यात ब्राउझर काढून टाकला की तो कप्पाही पुसला जातो. म्हणून मी डाउनलोड फोनमध्येच होऊ देतो आणि मग हातानं हलवतो.

हलवण्यावरच माझा निकाल लागला.

आमच्या गुरुवारच्या तालमी एक जण रेकॉर्ड करून ग्रुपवर कागदपत्र म्हणून टाकतो. नावं बघा: Recording (3).m4a, Recording (4).m4a. त्यात अभंग कुठला, साल कुठलं, काही नाही. कुठली तालीम कधीची हे फाइलीच्या तारखेवरूनच कळायचं. २०२३ ची चवथ १९ सप्टेंबरची, तेव्हा त्याआधीची शेवटची तालीम १४ सप्टेंबरची, असा माझा शोध चालायचा. फोन भरला तेव्हा प्ले स्टोअरवरच्या त्या मॅनेजरनं मी सगळं एका दुपारी कार्डावर हलवलं. काम बिनबोभाट झालं. संध्याकाळी उघडून पाहतो तर तीन वर्षांच्या तालमी एकाच दिवशी, त्याच दुपारी झालेल्या!

कारण नंतर कळलं. फोनची साठवण आणि कार्ड ह्या दोन वेगळ्या जागा, त्यामुळे हलवणं म्हणजे तिकडे नवी प्रत लिहायची आणि इकडची पुसायची. नव्या प्रतीवर जुनी तारीख मुद्दाम चढवावी लागते. बाहेरचं ॲप कार्डावर लिहिण्यासाठी ‘हा फोल्डर वापरू द्या’ असं विचारून आत शिरत असेल, तर त्या वाटेत तारीख चढवायची सोयच नाही. पूर्ण परवानगी घेणाऱ्या नव्या ॲपना ते करता येतं, पण करतातच असं नाही. कॅमेऱ्याच्या फोटोंचं फारसं बिघडत नाही, कारण तारीख फोटोच्या पोटात असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोच्या पोटातली जाते, पण IMG-20230919-WA0012 अशी नावात तरी उरते. पीडीएफ आणि रेकॉर्डिंगला हा आधार असेलच असं नाही.

मूळ फाइली पुसल्या गेल्या होत्या. शेवटी ग्रुपवरच्या नोंदींच्या तारखा पाहून एकेका फाइलीला 2023-09-14 असं नाव देत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या, आणि घरच्यांची बोलणी वेगळी.

त्यानंतर फोनसोबत आलेल्या मॅनेजरनं हलवून पाहिलं. माझ्या फोनवर तारखा जशाच्या तशा राहिल्या. तुमच्या फोनवर राहतीलच अशी खात्री मी देणार नाही. कंपनीगणिक फरक असू शकतो. म्हणून एकच जुनी फाइल घ्या, Move नको, Copy करा, कार्डावरच्या प्रतीच्या तपशिलात तारीख बघा. बरोबर असेल तर बाकीच्या पाठवा, कार्डावर दोन-चार उघडून पाहा, मग मूळच्या पुसा. मध्येच कार्ड हललं किंवा बॅटरी संपली तरी मूळ शाबूत राहतं.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरातून फाइल काढली की चॅटमधून ती उघडत नाही, एवढं ठरवूनच हात घाला. आणि नाटकाच्या चित्रीकरणासारखी ४ जीबीहून मोठी फाइल FAT32 पद्धतीच्या कार्डावर जात नाही, जागा कितीही असली तरी. ६४ जीबी आणि वरची कार्डं सहसा exFAT मध्येच येतात, तेव्हा काकांना तो प्रश्न नव्हता.

ज्यांना नुसते फोटो आणि गाणी हलवायची आहेत, वर शोधही चांगला हवा, त्यांनी बाहेरचा घ्यायला माझी हरकत नाही. मीही तो काढून टाकलेला नाही. त्यात शोधतो, आणि हलवायला परत फोनच्याच मॅनेजरकडे येतो. काकांच्या फोनवर आम्ही गौळणीची पीडीएफच आधी पाठवून पाहिली. तारीख टिकली. बाकीचं मंडळाचं सामान त्यांनी चहा होईपर्यंत स्वतःच हलवलं.