ओट्स पाण्यात की दुधात? मॅक्रोजच्या हिशोबाने माझं मत

ओट्स म्हणजे काय, रोल्ड आणि इन्स्टंटमध्ये फरक काय, हे सगळ्यांना माहितीये असं धरून चालतो. मसाला पाकिटं बाजूला ठेवा, साधे रोल्ड ओट्स घेऊ, कोरडे ४० ग्रॅम. कोरडेच मोजा बरं का, कारण शिजलेला बोल वजनकाट्यावर ठेवून तो आकडा अ‍ॅपमध्ये नुसता ओट्स म्हणून टाकला की २५० ग्रॅमचे साडेनऊशे कॅलरी दाखवतं आणि माणूस नाश्ताच सोडून देतो.

४० ग्रॅममध्ये साधारण १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रोटीन, २७ ग्रॅम कार्ब्स आणि ३ ग्रॅम फॅट. पाण्यात शिजवले तर हिशोब इथेच संपतो. २०० मिली टोन्ड दूध घातलं तर त्यात अजून १२० कॅलरी, ६ ग्रॅम प्रोटीन, १० कार्ब्स, ६ फॅट. म्हणजे २७० कॅलरीत ११ ग्रॅम प्रोटीन. कागदावर बघितलं तर दूध सरळ जिंकतं, प्रोटीन दुपटीपेक्षा जास्त, वर कॅल्शियम, आणि दुधाची स्वतःची एक गोडी असते त्यामुळे साखर कमी लागते. हे मी मान्यच करतो.

पण ते टोन्ड दूध, ३ टक्के फॅटचं. आपल्याकडे घरात खरंच तेच येतं का? बऱ्याच घरात फुल क्रीमची पिशवी असते, नाहीतर गवळ्याचं म्हशीचं, आणि तिथे फॅट ६ टक्के किंवा त्याच्याही वर. तेच २०० मिली मग १२० ऐवजी पावणेदोनशे-एकशेऐंशी कॅलरीला जातं, फॅट दुप्पट, आणि प्रोटीन मात्र जवळपास तेवढंच राहतं. अ‍ॅपमध्ये नुसतं 'दूध' टाकून जो पहिला पर्याय येतो तो निवडला तर हे कळतच नाही. साय काढून घेतली तर थोडं कमी होतं, पण किती ते घरी सांगता येत नाही. डबल टोन्ड आणत असाल तर तुमची बाजू मजबूत आहे, त्यात फॅट दीड टक्काच असतं आणि प्रोटीन तसंच.

आता माझं खरं दुखणं. दूध ऊतू जातं, तळाला लागतं, पातेलं घासताना शिव्या खाव्या लागतात, ते सगळं एक वेळ चालेल. मला वैताग आला तो घट्ट होण्याचा. गॅस बंद करताना अगदी बरोबर सैलसर असतात, मग तुम्ही आंघोळीला जाता किंवा कोणाचा तरी फोन येतो, आणि परत येऊन बघता तर नुसता गोळा, चमचा उभा राहील असा. मग काय, फ्रीजमधून दूध काढायचं आणि ओतायचं अंदाजे, ढवळायचं, अजून घट्टच वाटतं म्हणून अजून थोडं. हे 'थोडं' कोणी मोजत नाही. अर्धी वाटी म्हणजे ७५ मिली धरलं तरी टोन्डमध्ये ४५ कॅलरी, फुल क्रीममध्ये पासष्टच्या आसपास, आणि हे रोजचं. सकाळी काट्यावर ग्रॅम-ग्रॅम मोजून ओट्स घ्यायचे आणि मग दूध असं डोळे मिटून ओतायचं, याला काय अर्थ आहे? पाण्याच्या ओट्सना हा प्रॉब्लेमच नाही. घट्ट झाले, गरम पाणी घाला, कितीही घाला, हिशोब हलत नाही. कोणी म्हणेल दुधाच्या ओट्समध्येही पाणीच घाल ना, तर घालून बघा, मला तरी ती चव फिकट, दूध पातळ केल्यासारखी लागते. तुमची जीभ वेगळी असेल.

पाण्याच्या ओट्सची खोड वेगळी आहे आणि ती लपवत नाही. ते बेचव लागतात, आणि बेचव लागले की हात मधाच्या बाटलीकडे जातो. बाटलीतून धार सोडली की चहाचा चमचाभर कधीच पडत नाही, मोठा चमचा भरून २० ग्रॅम तरी जातो, म्हणजे ६० कॅलरी, सगळ्या साखरेच्या. वर दोन खजूर, एक मोठं केळं, मूठभर बेदाणे, झालं, दुधाच्या वाचवलेल्या १२० कॅलरी कधीच परत आल्या आणि प्रोटीन काही आलं नाही. असं करणार असाल तर खरं सांगतो, गुपचूप दुधातच शिजवा, निदान ६ ग्रॅम प्रोटीन तरी मिळेल.

उपाय दोन. एक म्हणजे शिजवतानाच चिमूटभर मीठ, याने खूप फरक पडतो. दुसरं, केळं वर चिरून घालण्यापेक्षा पिकलेलं अर्धं केळं शिजत असतानाच कुस्करून टाकायचं, म्हणजे गोडी सगळ्या बोलमध्ये उतरते आणि अर्ध्यात भागतं. वर दालचिनी. मध लागत नाही, मला तरी.

माझा नेहमीचा बोल असा: ४० ग्रॅम ओट्स पाण्यात, अर्धं केळं म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि भाजलेले शेंगदाणे १५ ग्रॅम, जाडसर कुटून. केळ्याचे ४५ कॅलरी, शेंगदाण्यांचे ८५ आणि ४ ग्रॅम प्रोटीन. एकूण २८० कॅलरी, साडेनऊ ग्रॅम प्रोटीन. हाच बोल टोन्ड दुधात केला तर ४०० कॅलरी आणि साडेपंधरा ग्रॅम. म्हणजे अंतर आहे १२० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीनचं, आणि हे ६ ग्रॅम एका उकडलेल्या अंड्यातून साधारण ७५ कॅलरीत येतात. मी तेच करतो, बाजूला एक अंडं. ३५५ कॅलरीत साडेपंधरा. अंडं न खाणाऱ्यांनी व्हे पावडर अर्धा स्कूप घ्यावी, ६० कॅलरीत साधारण १२ ग्रॅम, फक्त उकळत्या ओट्समध्ये टाकू नका, गुठळ्या होतात. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, पावडर आधी थोड्या गार पाण्यात कालवायची आणि मग मिसळायची.

शेंगदाणेही मोजून घ्या, हां. मुठीने घेतले की ३० ग्रॅम सहज होतात आणि मग तुम्ही पाणी घातलंय की दूध याने फारसा फरक पडत नाही.

वजन वाढवायचं असेल, घरात लहान मुलं असतील किंवा दिवसभरात दूध दुसरीकडे कुठे पोटात जात नसेल, तर मी दुधालाच हो म्हणेन, आणि तिथे फुल क्रीमही चालेल. दूध पचत नसेल तर प्रश्नच मिटला. पण वजन उतरवायचंय, अ‍ॅपमध्ये रोज नोंद करताय आणि सकाळी पंधरा मिनिटांत निघायचंय, तर माझं पातेलं पाण्याचंच. तरीही दुधाची चव सोडवत नसेल तर एक मधला मार्ग आहे: शिजवायचे पाण्यात आणि शेवटी ५० मिली दूध मापाने वरून. ३० कॅलरीत चव बऱ्यापैकी येते, तळाला काही लागत नाही, आणि गोळा झालाच तर सैल करायला पुन्हा पाणीच वापरा.