सौम्य आम्ल आणि बफर: वर्गमूळ, वर्गसमीकरण की हेंडरसन?

मुंबईत एमएस्सी प्रवेशाची तयारी करणारी मुलं एकच प्रश्न वारंवार विचारतात: pH काढताना सोपं सूत्र वापरायचं की पूर्ण समीकरण सोडवायचं? "सोपं चालतं" आणि "पूर्णच सोडवा" ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. सोपं सूत्र किती चुकतं हे आम्लाच्या आणि बफरच्या गणितात वेगवेगळं असतं, आणि निवड त्यावरच करायला हवी.

आधी नुसतं सौम्य आम्ल घेऊ. सोपी रीत म्हणजे [H⁺] = √(Ka·C). यात आम्लाची संहती विचरणानंतरही C एवढीच राहिली असं आपण धरतो. ०.१ M अॅसिटिक आम्लाला (Ka = 1.8×10⁻⁵) हे छान लागू पडतं. [H⁺] येतो 1.34×10⁻³, म्हणजे जेमतेम १.३ टक्के आम्लाचं विचरण झालं. pH २.८७. इथे वर्गसमीकरण मांडणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आता ०.०१ M क्लोरोअॅसिटिक आम्ल घ्या, Ka = 1.4×10⁻³. वर्गमूळाने [H⁺] = 3.74×10⁻³, म्हणजे pH २.४३. पण हा आकडा खरा मानला तर ३७ टक्के आम्ल फुटलेलं आहे, आणि आपण तर ते जवळजवळ फुटलंच नाही असं धरून चाललो होतो. उत्तरच गृहीतक खोडून काढतं. वर्गसमीकरण x² + 0.0014x − 0.000014 = 0 सोडवलं की x = 3.11×10⁻³ आणि pH २.५१ मिळतो. फरक ०.०८.

एवढं मोठं विचरण असूनही फरक इतकाच कसा? कारण चूक वर्गमूळाच्या आत आहे आणि वर्गमूळ ती साधारण निम्मी करतं. म्हणून ५ टक्क्यांचा प्रचलित नियम आम्लासाठी अगदी सुरक्षित आहे: विचरण ५ टक्के असलं तरी pH फक्त ०.०१ ने हलतो.

बफरमध्ये मात्र हाच नियम फसवतो. ०.०१ M क्लोरोअॅसिटिक आम्ल आणि ०.०१ M त्याचाच सोडियम क्षार असं बफर धरा. हेंडरसन समीकरणाने गुणोत्तर १, म्हणून pH = pKa = २.८५. सुटसुटीत उत्तर, पण चुकीचं. आम्ल स्वतःही थोडं फुटतं, त्यामुळे आम्ल 0.01 − h उरतं आणि क्षाराचा आयन 0.01 + h होतो. हे मांडलं की h² + 0.0114h − 0.000014 = 0, त्यातून h = 1.12×10⁻³ आणि pH २.९५. फरक ०.१०. म्हणजे h आधीच्या गणितापेक्षा लहान असूनही चूक जास्त! इथे अंश वाढतो आणि छेद कमी होतो, दोन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि त्या निम्म्या करायला वर्गमूळ नाही. समसमान बफरमध्ये h संहतीच्या ५ टक्के असेल तर pH सुमारे ०.०४ ने चुकतो. दोन दशांशांपर्यंत उत्तर हवं असेल तर माझ्या मते बफरसाठी मर्यादा १ टक्का धरावी.

पडताळणी सोपी आहे. हेंडरसनने आलेला [H⁺] दोन संहतींपैकी लहान संहतीशी ताडून पाहा. ०.१ M अॅसिटेट बफरमध्ये तो 1.8×10⁻⁵ असतो, म्हणजे नगण्य, आणि हेंडरसन बिनधास्त वापरा. त्या एक लिटर बफरमध्ये ०.०१ मोल HCl घातलं, तर आधी मोलचा हिशोब करा: आम्ल ०.११, अॅसिटेट ०.०९. मग pH ४.७४ वरून ४.६६ वर येतो.

दुसऱ्या टोकाला पाणी आडवं येतं. 10⁻⁵ M HCN ला (Ka = 6.2×10⁻¹⁰) वर्गमूळ लावलं तर pH ७.१० येतो. आम्ल घातलेलं पाणी अल्कधर्मी! असं उत्तर दिसलं की पाण्याचा वाटा सोडला हे ओळखा. √(Ka·C + Kw) वापरलं की ६.९० मिळतो. हे २५ अंशांचे आकडे आहेत. मुंबईत प्रयोगशाळेत ३० अंश सहज असतात, आणि तिथे शुद्ध पाण्याचाच pH ६.९२ असतो, म्हणून मीटरवरचा आकडा ७ शी ताडू नका.

JEE Main मध्ये कॅल्क्युलेटर मिळत नाही. तिथे नुसत्या आम्लाला वर्गमूळ आणि साध्या बफरला हेंडरसन, एवढं पुरतं, कारण पर्यायांत सहसा पुरेसं अंतर असतं. पण उच्च पातळीच्या प्रश्नसंचात Ka 10⁻³ च्या आसपास आणि संहती ०.०१ किंवा त्याहून कमी दिसली की प्रश्न मुद्दाम तसा रचला आहे असं समजा आणि सरळ वर्गसमीकरणाला हात घाला.