कंपनीचं सॉफ्टवेअर न टाकता नेटवर्क प्रिंटिंग: गिरगावातल्या ऑफिसात काही महिने वापरल्यानंतर

गिरगावात आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, चार लॅपटॉप आणि एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर. दोन लॅपटॉप लिनक्स मिंटचे, एक मॅक, एक विंडोज ११. नवा प्रिंटर घेताना मी एकच अट ठेवली होती: कुठल्याही लॅपटॉपवर प्रिंटर कंपनीचं काहीही इन्स्टॉल होणार नाही. या मशीनवर अशिलांची पॅनकार्डं, बँक स्टेटमेंटं असतात. छापण्यासाठी खातं उघडायला लावणारं, सतत मागे चालू राहणारं सॉफ्टवेअर तिथे मला नको होतं.

अट पाळता आली, कारण आता लॅपटॉप आणि प्रिंटर आयपीपी या खुल्या प्रोटोकॉलने थेट बोलतात. लॅपटॉप प्रिंटरलाच विचारतो की तुला कोणते कागद चालतात, दोन्ही बाजूंना छापतोस का, कोणत्या प्रकारची फाइल समजते. उत्तर मिळालं की पान त्या प्रकारात तयार करून पाठवतो. पूर्वी ही माहिती ड्रायव्हरमध्ये बांधलेली असायची, आता ती प्रिंटर स्वतः सांगतो. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट याच पायावर आणलं. नंतर मोप्रिया आणि आयपीपी एव्हरीव्हेअर आले. खोक्यावर यांपैकी एखादं नाव आहे का, एवढं दुकानात पाहिलं तरी पुरतं.

आणखी एक गोष्ट मात्र मी आवर्जून बघायला सांगेन: प्रिंटरला छोटा स्क्रीन किंवा लॅन केबलचं पोर्ट आहे का. दोन्ही नसलेल्या स्वस्त मॉडेलना पहिल्यांदा वायफायवर चढवायला बहुतेक वेळा कंपनीचं मोबाइल ॲपच लागतं, मग अटीला दारातच तडा जातो. आमच्या प्रिंटरला मी केबल जोडली आणि तो विषय संपला.

पहिले काही आठवडे सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि प्रिंटरकडून मला तेच हवं होतं. मॅकवर यादीतून प्रिंटर निवडला, `AirPrint` आपोआप आलं. विंडोजने `Microsoft IPP Class Driver` घेतला. मिंटवर काहीच जोडावं लागलं नाही, छापण्याच्या खिडकीत नाव हजर. मराठीतली पत्रंही जोडाक्षरांसकट नीट उमटली.

मग इंटरनेटवाल्याने नवा राउटर बसवला. आतल्या खोलीत रेंज कमी येते म्हणून जुना राउटर त्याने काढला नाही, नव्याची केबल जुन्याच्या वॅन पोर्टात घालून तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी आतून हाक आली, "ताई, प्रिंटर यादीत दिसतच नाहीये. नेट तर चालू आहे." बाहेरच्या खोलीत त्याच वेळी छपाई सुरळीत चालली होती.

कुठल्याही ऑफिसात किंवा घरात हे होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रिंटर सापडणं आणि प्रिंटरपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सापडण्यासाठी लॅपटॉप नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक देतो, त्याला एमडीएनएस म्हणतात. ही हाक २२४.०.०.२५१ या गट-पत्त्यावर जाते आणि राउटर ती आपल्या पलीकडे जाऊ देत नाही. आतला लॅपटॉप आता जुन्या राउटरच्या 192.168.0 च्या नेटवर्कात होता, प्रिंटर नव्याच्या 192.168.1 मध्ये. हाक पोचली नाही, म्हणून उत्तर आलं नाही. गेस्ट वायफायवर बसलेल्या लॅपटॉपचंही असंच होतं, फक्त तिथे बहुधा पुढचा रस्ताही बंद असतो.

नेमकं काय तुटलंय ते दोन आज्ञांनी कळतं. दोन्ही लिनक्सवर `cups-ipp-utils` या पॅकेजात मिळतात.

```
ippfind
ipptool -tv ipp://192.168.1.50/ipp/print get-printer-attributes.test
```

पहिली फक्त हाक देते. आतल्या खोलीत ती रिकामी परतली. दुसरी पत्ता देऊन थेट प्रिंटरला प्रश्न विचारते, आणि तिने भली मोठी यादी दाखवली. म्हणजे प्रिंटर ठीक, रस्ताही ठीक, फक्त हाक अडत होती. आतून बाहेरच्या राउटरकडे जाणारी जोडणी जुना राउटर करून देतो, म्हणून हे शक्य झालं. उलट्या दिशेने झालं नसतं: प्रिंटर आत आणि लॅपटॉप बाहेर असता तर दोन्ही आज्ञा फसल्या असत्या.

त्या दिवशी काम अडू नये म्हणून आतल्या मिंटवर पत्ता देऊन कायमची रांग बनवली:

```
lpadmin -p office -E -v ipp://192.168.1.50/ipp/print -m everywhere
```

यातही ड्रायव्हर नाही, `everywhere` म्हणजे प्रिंटरलाच विचारून घे. आज्ञा देताना प्रिंटर चालू हवा, कारण त्याची उत्तरं तेव्हाच नोंदली जातात. पुढे जादा ट्रे बसवला तर रांग पुन्हा बनवावी लागेल. शिवाय पत्ता बदलला की अशी रांग मुकी होते, म्हणून राउटरच्या पानावर प्रिंटरसाठी तो पत्ता राखून ठेवला. मॅकवर हेच आयपीच्या टॅबमध्ये पत्ता टाकून होतं.

खरा इलाज शनिवारी केला. जुन्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता नव्या राउटरच्या मालिकेतला एक मोकळा दिला आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात घातली. आता दोन्ही खोल्या एकाच नेटवर्कात आहेत आणि प्रिंटर सगळीकडे आपोआप दिसतो.

दुसरा त्रास कागदाचा. काही पीडीएफ पाठवल्या की प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबायचा. वरच्याच आज्ञेच्या यादीत `printer-state-reasons` समोर `media-needed` दिसलं आणि `media-default` समोर `na_letter_8.5x11in`. प्रिंटर कारखान्यातून लेटर मापावर बेतून आला होता आणि ट्रेमध्ये ए-फोर. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला की त्याचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडतं. तिथे मूळ माप आणि ट्रेचं माप, दोन्ही ए-फोर केली. कायमची रांग आधी बनली होती, म्हणून ती पुसून नव्याने बनवली. त्यानंतर तसं थांबणं बंद झालं. फर्मवेअर अपडेटही त्याच पानावरून करते.

विंडोजवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. विंडोज अपडेट कधी कधी कंपनीचं ॲप आपणहून आणतं. विंडोज ११ च्या 24H2 आवृत्तीपासून `Windows protected print mode` आहे. ते चालू केलं की बाहेरचे ड्रायव्हर चालतच नाहीत. आम्ही ते चालू ठेवलंय. ज्यांच्याकडे फक्त ड्रायव्हरवर चालणारा जुना प्रिंटरही आहे, त्यांनी करू नये, तो बंद पडेल.

काय मिळत नाही तेही सांगते. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असलेली टोनर बचतीची पातळी आणि पानावर फिकट शिक्का उमटवण्याची सोय इथे आली नाही. टोनर बचत प्रिंटरच्या पानावरून सगळ्यांसाठी एकदाच लावता आली, शिक्का पीडीएफमध्येच घालतो. स्कॅनिंग हा वेगळा प्रोटोकॉल आहे, ईएससीएल. मॅकवर तो लगेच चालला, मिंटवर `sane-airscan` हे पॅकेज आहे ना ते बघावं लागलं. तेही कंपनीचं नाही, म्हणून अटीत बसलं.