संवादात 'तू', 'तुम्ही' की 'आपण'? संपादन करताना काय निवडावं

कथेत सून सासूला म्हणते: "आई, तुम्ही औषध घेतलंत का? उन्हात जाऊ नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय. तुझा चष्मा टेबलावर ठेवलाय." पहिल्या वाक्यात 'तुम्ही', पुढच्या दोन्हींत 'तू'. संपादकाने 'नकोस'चं 'नका' आणि 'तुझा'चं 'तुमचा' केलं की काम झालं. पण 'तू' शब्द शोधून 'नकोस' सापडणार नाही. मराठीत सर्वनाम सहज गळतं आणि चूक क्रियापदाच्या शेपटीत लपते. म्हणून 'आलीस', 'येशील', 'नकोस', 'बस' अशी रूपंही तपासावी लागतात. 'अगं', 'अरे' आणि 'अहो' हीसुद्धा खुणेची ठिकाणं. 'घेतलंत'मधला 'त' मात्र बोलताना बरेचदा पडतो; 'तुम्ही घेतलं का' ही चूक नव्हे, फक्त त्या पात्राच्या तोंडी एकच सवय ठेवावी.

'तू' जवळिकीचा, पण दोन्ही बाजूंनी सारखा असायलाच हवा असं नाही. सासू सुनेला 'तू' आणि सून सासूला 'तुम्ही' म्हणते, हे पुष्कळ घरांत अगदी नैसर्गिक आहे. पातळी ठरते ती जोडीची आणि दिशेची, माणसाची नव्हे. तीच सून आपल्या आईला 'तू' म्हणेल. त्यामुळे कोण कोणाला काय म्हणतं याचा तक्ता कागदावर आधीच करावा. त्यात एक सवलत धरा: दोघांना एकदम बोलताना 'तू'वाल्यांनाही 'तुम्ही दोघं या' असंच म्हणतात.

'तुम्ही' अनोळखी किंवा मोठ्या माणसासाठी सर्वांत बिनधोक. शिवाय 'आलात' म्हटलं की समोरचा पुरुष की स्त्री हे उघड होत नाही. 'आलास/आलीस'मध्ये ते लपवता येत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याचा उपयोग होतो.

'आपण' मी सहसा टाळते. निमंत्रणात, सभेत किंवा पोशाखी बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी तो शोभतो, पण तो 'आम्ही-तुम्ही मिळून' या अर्थीही येतो. "आपण ठरवलं" म्हणजे कोणी ठरवलं? "आपण ठरवलंत" म्हटलं तर समोरच्याने, हे स्पष्ट होतं. 'आपली गाडी'ला मात्र असा 'त' लावता येत नाही. तिथे 'तुमची' म्हणावं, नाहीतर आधीच्या वाक्यातून मालक कळेल असं करावं. एरवी 'आपण' म्हणणाऱ्या पात्राच्या तोंडी तेवढ्या जागी 'तुमची' आलं तरी कानाला खटकत नाही.

पातळी मुद्दाम मोडायची असेल तर गोष्ट वेगळी. नवऱ्याला नेहमी 'तू' म्हणणारी बायको भांडणात "तुम्ही कशाला त्रास घेताय?" म्हणाली, तर तो टोमणा आहे. संपादकाने तिथे हात लावण्याआधी लेखकाला विचारावं. टोमणा असेल, तर त्या वाक्यातली सगळी रूपं 'तुम्ही'चीच हवीत. अर्धं 'तू', अर्धं 'तुम्ही' उरलं, तर वाचकाला तो छपाईचा दोष वाटतो.