तोंडी परवानगी की लेखी रजा? शिकाऊ असताना तीन दिवस सुट्टी हवी असेल तर

शिकाऊ म्हणून काम करताना सुट्टी मागायचे दोन रस्ते मी स्वतः वापरून पाहिले आहेत. पहिल्यात सरांना बाजूला घेऊन सांगायचं आणि ते "जा, हजेरीचं मी बघतो" म्हणाले की निघायचं. दुसऱ्यात आधी बोलायचं, मग लेखी रजा टाकायची, आणि बुडालेलं काम कधी भरून काढणार हेही त्यातच लिहायचं. दोन्हींनी मला सुट्टी मिळाली. फरक पडला तो लॉगबुकात.

पहिला रस्ता वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि मी मिलिंग सेक्शनला होतो. सरांनी एका मिनिटात होकार दिला. रजेतून दिवस कापले गेले नाहीत आणि कुठल्या टेबलावर अर्ज घेऊन उभं राहावं लागलं नाही. सरांचा हेतू चांगलाच होता, आणि आजही मला त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहे.

अडचण परत आल्यावर सुरू झाली. हजेरीपटावर मी तिन्ही दिवस हजर होतो. लॉगबुकात मात्र रोज कोणता जॉब केला, कोणत्या मशीनवर, किती तास, हे लिहून सही घ्यायची असते. न केलेलं काम लिहायला माझा हात धजावेना, म्हणून ते तीन रकाने मी कोरे ठेवले. महिनाअखेरीला सर एकदम सह्या करायचे, तेव्हा काय ते विचारू असं मनात होतं. त्याआधीच त्यांची दुसऱ्या विभागात बदली झाली. नवे सुपरवायझर म्हणाले, "मी जे पाहिलं नाही त्यावर सही कशी करू?" त्यांचं बरोबरच होतं. हजेरी सांगते मुलगा होता, लॉगबुक सांगतं काहीच केलं नाही, आणि ज्यांना खरं माहीत ते समोर नाहीत. त्या एका पानासाठी मी जवळजवळ महिनाभर या विभागातून त्या विभागात फिरलो. शेवटी तिथे 'गैरहजर' असंच लिहावं लागलं, आणि त्यामुळे हजेरीपट दुरुस्त करायचा प्रश्न जुन्या सरांच्या अंगावर आला. सुट्टी माझी होती आणि खुलासा त्यांना द्यावा लागला. मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे. त्यानंतर मी दुसरा रस्ता धरला.

दुसऱ्या वेळी एका परीक्षेसाठी तीन दिवस हवे होते. लेखी रजेचा एक तोटा मान्य केला पाहिजे: दिवस खरोखर कापले जातात, आणि काही ठिकाणी विद्यावेतनही. म्हणून विचारायच्या आधी हिशेब करावा लागतो, आणि तो एकूण प्रशिक्षणाचा नव्हे तर सेक्शनचा करावा. समजा सहा महिन्यांत कामाचे १५० दिवस आहेत. त्यात तीन दिवस म्हणजे फक्त २ टक्के. पण माझा लेथ सेक्शन १२ दिवसांचाच होता. तिथे तेच तीन दिवस म्हणजे २५ टक्के, हजेरी थेट ७५ वर. सेक्शननिहाय शेरा असेल तर एकूण टक्केवारी उत्तम असूनही त्या एका ओळीत कमी दिसते.

टक्क्यांपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे त्या दिवसांत नेमकं काय शिकवणार आहेत. मला हवे होते आठवा, नववा आणि दहावा दिवस. वेळापत्रकात आठव्या-नवव्या दिवशी आटे पाडायचं काम होतं. फेसिंग-टर्निंग रोजच हाताखालून जातं, त्यातला एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून निघतो. आट्यांचं तसं नाही. चकतीवरची ठरलेली खूण आली की त्याच क्षणी लिव्हर टाकावा लागतो. तो पुढेमागे पडला तर दुसरा कट पहिल्या खाचेत बसत नाही आणि जॉब वाया जातो. हे हाताला एकदा कळावं लागतं, तेही सर शेजारी उभे असताना. आमच्या लॉगबुकात त्यासाठी तीन रकाने होते: पाहिलं, मार्गदर्शनाखाली केलं, स्वतः केलं. तिसऱ्या रकान्यात सही नसेल तर हजेरी शंभर टक्के असूनही उपयोग नाही.

म्हणून मी वेळापत्रक हातात घेऊनच सरांकडे गेलो, शिफ्ट संपताना, मशीन बंद झाल्यावर. "सर, परीक्षेसाठी तीन दिवस हवेत. त्यात आट्यांचे दोन दिवस जातात. पुढच्या पंधरवड्यात दुसरी बॅच लेथवर येईल, तेव्हा दोन दिवस त्यांच्यात बसू का?" सरांनी वेळापत्रकावर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "बस. पण त्या दोन दिवशी तुझ्या तेव्हाच्या सेक्शनला आधी सांगून ये." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भरपाईचा दिवस कुठूनतरी काढावा लागतो, आणि तिथल्या सुपरवायझरला माहीत नसेल तर नवीन खड्डा पडतो. तिथे त्या दोन दिवशी नेहमीचंच काम होतं, त्यामुळे जमलं.

त्याच संध्याकाळी अर्ज दिला. मोठा नव्हता:

"परीक्षेसाठी सेक्शनच्या ८, ९ व १० व्या दिवशी रजा मिळावी. हातातला जॉब ७ व्या दिवशी पूर्ण करून देतो. आटे पाडण्याचा सराव पुढील बॅचसोबत दोन दिवस करीन, याबाबत आपल्याशी बोलणे झाले आहे."

शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात कामाचं. उद्या सर बदलले तरी काय ठरलं होतं ते कागदावर राहतं. लॉगबुकात त्या तीन दिवशी 'मंजूर रजा' लिहिलं, रकाना कोरा ठेवला नाही. भरपाईची नोंद ज्या तारखेला काम केलं त्याच तारखेला केली आणि पुढे 'आठव्या-नवव्या दिवसाच्या कामाची भरपाई' एवढं जोडलं. मागची तारीख टाकायचा मोह होतो, पण ती टाकली की पुन्हा हजेरीपटाशी जुळत नाही. सही त्याच दिवशी घेतली. १२ पैकी ९ आणि भरपाईचे २ मिळून ११ दिवस झाले, म्हणजे जवळपास ९२ टक्के.

साप्ताहिक सुट्टीला येऊन भरपाई करावी असंही सुचवलं जातं. जिथे त्या दिवशी शिकवणारे हजर असतात तिथे ते चालत असेल. आमच्याकडे सही करायलाच कोणी नसायचं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

तासा-दोन तासांचं काम असेल तर तोंडी विचारणं पुरतं, त्यासाठी कागद करायची गरज मला वाटत नाही. अचानक घरून फोन आला तर आधी सरांना फोन करून निघावंच, अर्ज त्याच रात्री पाठवता येतो. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात आणि तुमचे सर कदाचित महिनोन्‌महिने एकाच विभागात राहतील. तरी पूर्ण दिवसाची सुट्टी असेल तर मी आता लेखीच मागतो, आणि सर "राहू दे, मी बघतो" म्हणाले तरी "सर, लॉगबुकात काय लिहू?" एवढं विचारूनच निघतो.