वीज आली की रिले ‘टक्’ का करतो: कुळागरातल्या पंपाचा अनुभव

सत्तरीतल्या आमच्या कुळागरात दिवाळीनंतर पंपासाठी नोडएमसीयू (ESP8266) आणि दोन चॅनलचा रिले बोर्ड बसवला, तो आता पाऊस लागेपर्यंत रोज चालला. बोर्ड स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण मे महिन्यात गडगडाट सुरू झाला आणि वीज सारखी जाऊ-येऊ लागली, तेव्हा एक खोड उघडी पडली. वीज परतली की रिले ‘टक्’ करायचा, त्यामागे कॉन्टॅक्टर ओढायचा आणि पंप हिसका देऊन थांबायचा. मोटारीला हे फार वाईट.

दोष प्रोग्रामचा की चिपचा, हे आधी ठरवावं. setup आणि loop रिकामे ठेवून प्रोग्राम टाकला, तरी ‘टक्’ झालीच. म्हणजे प्रोग्राम सुरू होण्याआधीच पिन हलत होती. जोडणी करून देणाऱ्याने रिले D4 वर, म्हणजे GPIO2 वर घेतला होता. चिप जागी होताना या पिनवर सिग्नल निघतो, बोर्डावरचा निळा दिवा त्यामुळेच लुकलुकतो. आमचा रिले बोर्ड पिन खाली, म्हणजे 0 व्होल्टवर, गेली की चालू होणारा, म्हणून तेवढ्याने तो ओढला जायचा.

रिलेची तार D1 वर (GPIO5) हलवली. ही पिन आणि D2 (GPIO4) सुरू होताना गप्प राहतात. शिवाय D1 ते 3.3 व्होल्ट असा 10 किलोओहमचा रेझिस्टर टाकला, म्हणजे चिप झोपेत असतानाही पिन वर राहते. D3, D4 आणि D8 वर रिले नकोच: सुरू होताना पहिल्या दोन वर आणि D8 खाली असावी लागते. रिलेने यातली पिन उलट ओढली तर नोडएमसीयू सुरूच होत नाही. TX वरही नको, तिथे सुरुवातीचा मजकूर छापला जातो.

तरी हलकी टक् उरली, ती प्रोग्रामची. आउटपुट केल्यावर पिन आधी खाली जाते, म्हणून क्रम उलटा ठेवला:

```
digitalWrite(5, HIGH);
pinMode(5, OUTPUT);
```

त्यानंतर पावसात वीज कितीही गेली-आली, रिले गप्प आहे. पंपाऐवजी बल्ब लावून, आधी RST दाबून आणि मग मेन स्विच टाकून पाहिलं. पंपाच्या कॉन्टॅक्टरची कॉइल रिलेच्या NO, म्हणजे एरवी उघड्या, टोकावर आहे, त्यामुळे चिप बंद पडली तरी पंप बंदच राहतो.

रिले बोर्डावरची JD-VCC ची जम्पर काढून VCC ला 3.3 व्होल्ट देण्याचा उपायही चालतो, पण काही बोर्डांवर मग ऑप्टोला पुरेसा करंट मिळत नाही आणि रिले ओढतच नाही. जो बोर्ड पिन वर गेल्यावर चालू होतो, त्याला D1 किंवा D2 हीच पिन घ्यावी, मात्र 10 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावावा.